रेस सोडल्यावर

गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत तिच्या कार्बोरेटरला काय झालंय हे थोरला सांगू शकतो, असं बाजारात बोललं जायचं. बोलणाऱ्यांत तो स्वतः सगळ्यात पुढे असे. अंदाज बरोबर निघाला की ती गोष्ट चार दुकानं फिरून यायची. चुकला, तर दुसऱ्या दिवशी थोरला म्हणायचा की हे मला कालच वाटलं होतं. माणूस वाईट नव्हता. चुका करण्याचं काम देवाने दुसऱ्या कुणाला तरी दिलंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, एवढंच.

हा दुसरा कुणी तरी म्हणजे बरेचदा त्याचा धाकटा भाऊ.

बापाचं एकच मोठं दुकान होतं. बाप गेल्यावर मधल्या भिंतीने त्याची दोन झाली. थोरल्याकडे इंजिन आणि कार्बोरेटर, धाकट्याकडे वेल्डिंग आणि सायलेन्सर. भिंतीत एक दार होतं आणि त्या दाराला कडी कधी लागली नव्हती. गाडी या बाजूने आत यायची, त्या बाजूने बाहेर पडायची. जेवणाचे डबे, चहाचे पेले, पाने, शिव्या, सगळं त्या दारातून ये-जा करायचं. दोघांपैकी कुणालाही हाताखाली माणूस हवा असला की हाक मारायची पद्धत नव्हती. बाप भिंतीवर पान्याने दोनदा ठोकायचा, तसंच तेही ठोकायचे. दोन ठोके म्हणजे हातातलं टाक आणि ये.

आता त्या दाराच्या जागी विटा होत्या. थोरल्यानेच रचलेल्या, त्यामुळे थोड्या वाकड्या.

भांडण झालं होतं एका मोटारसायकलवरून. गणिताच्या मास्तरांची गाडी. थोरल्याने तिच्या इंजिनाचं वरचं हेड उतरवून व्हॉल्व्हचं काम केलं, धाकट्याने हेडपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या कुजलेल्या बेंड पाइपला नवा तुकडा जोडला, आणि गाडी रस्त्यावर गेली ती फटाके मारतच. रेस देताना ठीक, पण रेस सोडली की मागून फट, फट-फट. मास्तर उतारावरून आले की दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघायची.

आता असं होण्याची कारणं दोनच असतात, निदान मुख्य. रेस सोडली की इंजिनाला पेट्रोल अगदी थोडं मिळतं. कार्बोरेटरने त्यात हवा जास्त घातली, म्हणजे मिश्रण फार पातळ झालं, तर ते आत नीट जळत नाही आणि तसंच सायलेन्सरच्या वाटेला लागतं. तापलेल्या नळीत मग ते पेटतं. किंवा कार्बोरेटर शहाण्यासारखा वागत असतो, पण इंजिनाच्या पुढे पाइपाच्या वाटेवर, जोडाला किंवा वेल्डिंगला, कुठे फट असते. रेस सोडल्यावर त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि जे थोडंफार न जळता आलेलं असतं त्याला पेट घ्यायला तेवढं पुरतं. एक कारण भिंतीच्या या बाजूचं, दुसरं त्या बाजूचं. भावाभावांत भांडण लावायला यापेक्षा चांगला आजार सापडला नसता.

धाकटा म्हणाला, तुझा कार्बोरेटर गाडीला उपाशी ठेवतोय. थोरला म्हणाला, तुझं वेल्डिंग गळतंय. गिऱ्हाइकं उभी होती. थोरल्याने पाना घेतला, हेडपाशी पाइपाच्या कॉलरचे दोन्ही नट सगळ्यांसमोर ओढून दाखवले. हलले नाहीत. नट घट्ट म्हणजे माझ्याकडचा जोड पक्का, आता बोला, असं म्हणून त्याने पाना टेबलावर आपटला. धाकट्याच्या नाकावर राग नसायचा, पण त्या दिवशी आला. "बाबांनी तुला कान दिले, दादा," तो म्हणाला, "डोळे द्यायचे राहून गेले." लोक हसले. थोरल्याला हसणाऱ्यांचा राग आला नाही, आला तो भावाचा, आणि पुढच्या आठवड्यात त्याने विटा मागवल्या. मास्तर बिचारे तशीच फटफटत गाडी घेऊन गेले.

वर्षं गेली. मधे थोरल्याची बायको गेली. धाकटा येऊन उभा राहिला, बोलला नाही. थोरल्यानेही मान वर केली नाही. नंतर कित्येक रात्री त्याला वाटत राहिलं की तेव्हा मान तेवढी वर करायला हवी होती.

आता तो दुकानाच्या मागच्याच खोलीत राहायचा. एका माणसाचं जेवण करायचं म्हणजे भांडी तेवढीच आणि खाणारा एक, म्हणून तो बरेचदा उभ्यानेच जेवून घ्यायचा. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणं व्हायचं, पण ते सगळं गाड्यांबद्दल. त्याची खरी सोबत होती भिंत. पलीकडे शटर वर गेलं की त्याची सकाळ व्हायची. ग्राइंडर कोणत्या जाडीच्या पत्र्यावर चाललाय हे त्याला कळायचं. धाकट्याचा खोकला वाढला की हा इकडे अस्वस्थ व्हायचा आणि गिऱ्हाइकावर खेकसायचा. धाकट्याची बायको दुपारी डबा घेऊन यायची, तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा, मग बराच वेळ शांतता. ते दोघं जेवतायत हे कळलं की थोरलाही आपलं ताट घ्यायचा. एका पंगतीला बसल्यासारखं वाटे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला होतं कोण?

आणि मग एका गिऱ्हाइकाने सीट पुसता पुसता सहज सांगितलं की वेल्डर निघाले म्हणे. दूरच्या कारखान्यात ट्रेलर बनवायचं काम, राहायला क्वार्टर. येत्या शनिवारी सामान जाणार. थोरला म्हणाला, हो, माहीत आहे. माहीत काही नव्हतं. त्या दिवशी त्याने एका स्कूटरचा चांगला प्लग काढून पुन्हा तोच बसवला आणि त्याच्या लक्षातही आलं नाही.

जाण्याआधी बोलायला हवं होतं. एवढं त्याला स्पष्ट कळत होतं. कसं, ते कळत नव्हतं. रोज शटर उघडताना तो बोलायची वाक्यं जुळवायचा आणि धाकटा समोरून गेला की टायर तपासायला खाली वाकायचा.

त्याच आठवड्यात मास्तरांची मुलगी मास्तरांची गाडी घेऊन आली.

मुलगी लॅबमध्ये कामाला होती. पहाटे घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. मास्तर वारल्यावर गाडी शेडमध्ये पडून होती, ती तिने बाहेर काढली, पण रेस सोडली की गोळीबार होतो आणि झोपलेली गल्ली उठते, अशी तिची तक्रार होती. एका आजोबांनी तर सुई बघायच्या आधीच हात मागे घेतला होता. लॅबवाल्याने बजावलं होतं, गाडी गप्प कर नाहीतर पहाटेचं काम दुसऱ्याला देतो. थोरला ऐकत होता की नाही कुणास ठाऊक. गाडी उतारावर असतानाच त्याने तो आवाज ओळखला होता. तोच फट, मग जरा थांबून फट-फट.

त्याने सगळं केलं. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडला, स्लो जेट बुजलेला होता तो साफ केला. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर चिरलं होतं, ते नवं घातलं. त्याला मनातून हायसं वाटलं, कारण रबर काही कुणी वेल्डिंगने जोडत नाही आणि दोष एकदाचा रबराच्या वयावर टाकता आला असता. गाडी उतारावर नेऊन त्याने रेस सोडली. फट. आधीपेक्षा कमी, पण फट.

मग हवेचा स्क्रू थोडा आत घेतला, म्हणजे हवा कमी, मिश्रण दाट. फट. आणखी आत. फट. प्लग काढून बघितला तर काजळीने काळा. पातळ मिश्रणाचा प्लग पांढरट असतो. हा तर पेट्रोल पिऊन पिऊन काळवंडला होता आणि गाडी तरी फटाके मारत होती. कार्बोरेटर बोलून मोकळा झाला होता: माझ्याकडे काही नाही, पुढे बघा.

पुढे म्हणजे जोड. पाइप उतरवून बघायला हरकत नव्हती, पण नट ज्यांवर बसतात ते हेडमधले स्टड इतके गंजले होते की नट सोडताना एखादा तुटला असता आणि सगळं हेड उतरवावं लागलं असतं. खात्री असल्याशिवाय तिथे हात घालण्यात शहाणपण नव्हतं. फट कुठे आहे, हेडच्या जोडाला की वेल्डिंगला, हे आधी कळायला हवं, आणि त्याला बापाची युक्ती होती. इंजिन गार असताना चालू करायचं. एकाने मागे ओल्या पोत्याचा बोळा सायलेन्सरच्या तोंडावर दाबायचा. कोंडलेला धूर मिळेल त्या भोकातून बाहेर पडू बघतो. दुसऱ्याने पुढे साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहायचं. मात्र दाब हाताला कळावा लागतो. जास्त दाबलं तर इंजिन मरतं, कमी दाबलं तर काही दिसत नाही.

मुलीने मदत करायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तिने इतकं दाबलं की गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा मनगटावर गरम झोत आला आणि तिने बोळा सोडला. रक्त काढायला हात स्थिर लागतो, पण हे वेगळं आहे, असं म्हणून ती हसली आणि कामावर गेली. मग थोरल्याने बोळा तारेने बांधून पाहिला. इंजिन मेलं. तार सैल केली, तर बोळा उडून रस्त्यापलीकडे झोपलेल्या कुत्र्यापुढे पडला. कुत्र्याने हुंगलं आणि तोंड फिरवून पुन्हा झोपलं.

थोरला स्टुलावर बसला. पलीकडे ग्राइंडर बंद होता. कधीपासून बंद होता हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. गाडी चालू होते, घुसमटते, मरते, पुन्हा चालू होते, हा आवाज त्या बाजूला जातच असणार. तो कशाचा आहे हे कळणारा माणूस जगात एकच होता आणि तो शनिवारी निघणार होता.

त्याने पाना उचलला, वाकड्या विटांपाशी गेला आणि दोनदा ठोकलं.

काहीच झालं नाही. थोरल्याला वाटलं, बरं झालं. मग वाटलं, काय बरं झालं? त्याचे कान तापले. पाना जागेवर ठेवायला तो वळला तेव्हा शटरमध्ये धाकटा उभा होता. दाढी पांढरी झाली होती. भिंतीतून ते कधी ऐकू आलं नव्हतं.

धाकट्याने गाडीकडे बघितलं. ओळखली. थोरल्याकडे बघितलं नाही. पोत्याचा तुकडा बादलीत बुडवला, पिळला, घडी केली आणि सायलेन्सरमागे उकिडवा बसला. थोरल्याने किक मारली.

"दाबू?" धाकटा म्हणाला.

"दाब."

इतक्या वर्षांनी एकमेकांशी बोललेले हे दोन शब्द. इंजिनाचा आवाज जड झाला, पण इंजिन मेलं नाही. धाकट्याचा तळवा नेमका तेवढाच दाबत होता, श्वास कोंडेल पण जीव जाणार नाही इतका. थोरल्याने साबणाच्या पाण्याचा ब्रश आधी वेल्डिंगवर फिरवला. शिवण कोरडी, गुळगुळीत, एकही बुडबुडा नाही. इतक्या वर्षांत तिला केसाएवढीही चीर गेली नव्हती. मग त्याने ब्रश वर नेला, हेडपाशी, कॉलरच्या मागच्या बाजूला, जिथे इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या आड सहसा नजर जात नाही. तिथे पाणी फसफसलं. मोठे मोठे बुडबुडे, फुस-फुस करत, घट्ट नटांच्या अगदी शेजारी.

मागून धाकट्याला यातलं काही दिसत नव्हतं. थोरला जे सांगेल तेच खरं होतं. आणि ओठावर आलेलं वाक्य जुनंच होतं, तुझं वेल्डिंग गळतंय, वापरून गुळगुळीत झालेलं. ते म्हटलं असतं तर विटा शहाण्या ठरल्या असत्या.

"सोड," तो म्हणाला. इंजिन बंद केलं. "माझ्याकडे आहे. वेल्डिंग चांगलं आहे."

धाकटा मागेच बसून राहिला. मग उठून आपल्या दुकानात गेला. थोरल्याला वाटलं, गेला. पण तो गॅसची नळी ओढत परत आला. त्याने नट तापवले आणि थोरल्याने हळूहळू, थोडं सोडत थोडं आवळत, ते मोकळे केले. स्टड शाबूत राहिले. पाइप खाली आला, त्याच्याबरोबर जोडातली फट बुजवणारी, चपटी झालेली गॅस्केटची रिंग. थोरल्याने हेडच्या भोकात बॅटरी मारली. आत काळी, स्वच्छ कड दिसत होती. तेव्हा हेड बसवतानाही अशीच दिसली असणार. त्याने पेचकसाचं टोक कडेला घालून उचकटलं आणि ती कड सुटून त्याच्या तळहातावर पडली.

ती कड नव्हतीच. ती आणखी जुनी रिंग होती, काजळीने माखून हेडशी एक झालेली. मास्तरांच्या गाडीचं हेड बसवताना थोरल्याकडून ती काढायची राहिली होती आणि तिच्यावरच नवी चढवली होती. दोन रिंगांवर पाइप तिरका बसला. नट कितीही घट्ट केले तरी एका बाजूला फट राहणारच होती. नट घट्ट होते, ते खरंच होतं.

दोन्ही रिंगा तळहातावर घेऊन थोरला उभा राहिला. त्याला रडू आलं. पन्नाशीतल्या मेकॅनिकला गॅस्केटवरून रडू येणं हसण्यासारखं आहे, पण त्याला आलं. डोळे पुसायला हात वर नेला तर काजळी गालाला लागली.

धाकट्याने रिंगा हातात घेतल्या, उलट्यासुलट्या केल्या. आता तो टोमणा मारेल, डोळ्यांचं काढेल, म्हणून थोरला वाट बघत होता. खरं तर त्याला तो हवा होता. धाकट्याने रिंगा परत दिल्या. तो म्हणाला की पाइप काढून बघण्यापासून तेव्हा मलाही कुणी अडवलं नव्हतं, पण तू एवढ्या जोरात बोललास की मला जिंकायचंच होतं.

"जाऊ नकोस," थोरला म्हणाला.

धाकटा गॅसची नळी गुंडाळू लागला. "शब्द दिलाय, दादा. सामान बांधून झालंय. तिने तर भांडीसुद्धा वाटून टाकली." मग गालाकडे बोट दाखवून म्हणाला, "काळं लागलंय."

काम मात्र त्यांनी दोघांनी संपवलं. हेडचं भोक घासून साफ केलं, एकच नवी रिंग बसवली. सायलेन्सरचा मागचा बोल्ट मुद्दाम सैल ठेवून पुढचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले, पाइप सरळ बसेल असे, आणि मग मागचा बोल्ट. हवेचा स्क्रू पुन्हा आपल्या जागी आणला, नवा प्लग घातला. बापाच्या वेळचं जुनं बोलणं आपोआप परत आलं: धर, थांब, अजून अर्धा, बास. संध्याकाळी धाकट्याने गाडी उतारावर नेली आणि थोरला शटरात उभा राहिला. गाडी खाली येताना रेस सुटल्याचं त्याला कळलं, तो आवाजाची वाट बघत राहिला आणि आवाज आला नाही. नुसती घरघर करत गाडी खाली आली, थांबली. गाडी न्यायला आलेल्या मुलीला ती इतकी गप्प वाटली की तिने आधी विचारलं, चालू आहे ना?

शनिवारी टेम्पो आला. थोरला सामान चढवायला गेला. धाकट्याच्या बायकोने त्याच्याकडे जेवणाचा डबा दिला, जुनाच, दारातून यायचा तो. निरोपाचं बोलणं झालं ते रस्त्याचं, सांभाळून जा, पोचल्यावर फोन करा. दारातल्या विटा काढू का, असं विचारायचं थोरल्याच्या ओठावर आलं होतं. पण पलीकडे आता होतं काय?

रविवारी सकाळी शटर उघडताना त्याच्या पायाला काही तरी लागलं. पोत्यात गुंडाळलेलं होतं. कोणत्याही सायलेन्सरच्या तोंडात बसेल असा निमुळता पाइपाचा तुकडा, नवं वेल्डिंग, शिवण देखणी. त्याच्या तोंडाला स्प्रिंगची झडप. झडपेला क्लचची जुनी केबल आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला क्लचचाच दांडा. केबल मोजून घेतल्यासारखी होती. गाडीच्या मागून बरोबर हेडपाशी बसलेल्या माणसाच्या हातापर्यंत पोचत होती. दांडा दाबला की मागे झडप मिटायची, सोडला की उघडायची. झडपेला मधोमध एक बारीक भोक पाडलं होतं, इंजिनाचा जीव जाऊ नये म्हणून.

त्याच आठवड्यात फटाके मारणारी एक गाडी आली. थोरल्याने तुकडा मागे खोचला, पुढे येऊन बसला, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात दांडा. दाबल्याबरोबर इंजिनाचा आवाज तसाच जड झाला, अगदी त्या तळव्याने दाबल्यासारखा. गळती क्षणात सापडली. गिऱ्हाईक म्हणालं, वा, आता एकट्याने होतं की तुमचं काम.

थोरला हो म्हणाला. खरंच उत्तम होत होतं. म्हणजे आता त्या भिंतीवर पान्याने ठोकायला त्याच्याकडे काहीही कारण उरलं नव्हतं.